बहात्तरचा नियम आणि तीन वर्षांचे खत

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. त्या टंचाईची झळ आणि तिचा पैसा या दोन्ही गोष्टी वणा नदीकाठच्या हिंगणघाटापर्यंत पोहोचल्या. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे केवळ एका गावाचे नाव राहिले नव्हते. मध्य प्रांतातल्या कापसाची एक प्रत त्या नावाने ओळखली जात होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पण बाजार टिकला. १८७० च्या दशकात वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला, १८८१ मध्ये बन्सीलाल अबीरचंद या पेढीने येथे कापडगिरणी उभी केली.

पऱ्हाटीचे पीक उधारीवर उभे राहते. पेरणी पावसाळ्याच्या तोंडाशी, वेचणी दिवाळीच्या आगेमागे. मधल्या काळात बियाणे, बैल, निंदणीची मजुरी आणि घरातले जेवण यांसाठी पैसा लागतो. तो सावकाराकडून येत असे आणि त्याचा दर वर्षाला नव्हे, महिन्याला बोलला जात असे: ‘दरमहा दरशेकडा दोन रुपये’, म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला दोन रुपये व्याज.

आता प्रश्न असा. या दराने घेतलेले शंभर रुपये दोनशे केव्हा होतात? उत्तर एक नाही. ते पन्नास महिने असू शकते, चव्वेचाळीस असू शकते, पस्तीसही असू शकते. दर तोच, रक्कम तीच; तरीही उत्तर बदलते आणि एकोणिसाव्या शतकातल्या कापूस-मुलखात त्या बदलावर शेतकऱ्याची जमीन राही किंवा जाई. हा फरक नेमका कुठून येतो, हे समजून घ्यायला एक जुना नियम फार उपयोगी पडतो.

नियम सोपा आहे. व्याजाचा दर घ्या, बहात्तरला त्याने भागा; जो भागाकार येईल तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. सहा टक्क्यांना बारा वर्षे, आठला नऊ, बाराला सहा. समाजमाध्यमांवर हा नियम आइन्स्टाइनच्या नावावर खपवला जातो. त्याला कसलाही आधार नाही. आइन्स्टाइनचा जन्म १८७९ चा. हा नियम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञ संन्याशाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘सुम्मा दे अरिथमेतिका’ या ग्रंथात आहे. मलिक अहमद दख्खनमध्ये निजामशाहीची घडी बसवत होता, तोच हा काळ. पाचोली उदाहरणही सहा टक्क्यांचेच देतो: बहात्तर भागिले सहा, बरोबर बारा. मात्र बहात्तरच का, हे तो सांगत नाही. एखादा व्यापारी दुसऱ्याला तोंडी सांगतो तसा तो आकडा देऊन मोकळा होतो. त्यामुळे नियम त्याने शोधला नसून व्यापाऱ्यांत आधीच रूढ असलेला टिपून ठेवला, असे मानायला जागा आहे.

‘का’ याचे उत्तर कागदावर स्वतः करून पाहण्याजोगे आहे. शंभर रुपये आठ टक्के वार्षिक दराने ठेवा आणि दर वर्षी व्याज मुद्दलात मिळवत जा. पहिल्या वर्षाअखेर १०८, दुसऱ्या ११६.६४, तिसऱ्या १२५.९७, असे करत पाचव्या वर्षी १४६.९३, सातव्या १७१.३८ आणि नवव्या वर्षाअखेर १९९.९०. दोनशेला दहा पैसे कमी. आठ गुणिले नऊ म्हणजे बहात्तर. या दराच्या आसपास नियम जवळपास तंतोतंत चालतो. दर फार लहान असेल, तर आकडा थोडा कमी हवा: एक टक्क्याने दुप्पट व्हायला बहात्तर नव्हे, सुमारे एकोणसत्तर वर्षे आठ महिने लागतात. व्याज जितक्या लहान लहान हप्त्यांत मुद्दलात मिळवले जाईल, तितका हा आकडा ६९.३ कडे सरकतो. मग व्यापाऱ्यांनी एकोणसत्तर का धरला नाही? कारण तोंडी भागाकारात एकोणसत्तर हा अडेलतट्टू आकडा आहे. बहात्तरला दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा, अठरा, चोवीस या साऱ्यांनी पूर्ण भाग जातो. ज्या समाजात मुले पावकी, निमकी, सवायकी, दिडकीचे पाढे घोकत होती, त्या समाजाला ही सोय वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

पण नियमात एक अट दडलेली आहे आणि सारा इतिहास त्या अटीत आहे. वरच्या हिशेबातले ‘दर वर्षी व्याज मुद्दलात मिळवत जा’ हे शब्द काढून टाकले, तर बहात्तरचा काही संबंध उरत नाही. व्याज फक्त मूळ शंभरावरच मोजले, म्हणजे सरळव्याज धरले, तर भागायचा आकडा बहात्तर नसून शंभर आहे. आठ टक्क्यांनी दुप्पट व्हायला मग नऊ नव्हे, साडेबारा वर्षे लागतात. बहात्तर हा चक्रवाढीचा आकडा, शंभर हा सरळव्याजाचा.

भारतीय धर्मशास्त्राची भिस्त शंभरावर होती. मनुस्मृतीत वसिष्ठाच्या नावाने दिलेला दर दरमहा मुद्दलाच्या ऐंशीव्या भागाचा आहे, म्हणजे शेकडा सव्वा रुपया. या दराने सरळव्याज मुद्दलाइतके व्हायला ऐंशी महिने लागतात, सहा वर्षे आठ महिने. पैशाचे व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे रक्कम नेऊ शकत नाही, हेही मनुस्मृती सांगते आणि चक्रवाढ व्याज निषिद्ध व्याजांत गणते. यातूनच ‘दामदुप्पट’ हा नियम आला. एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये. शंभर दिले असतील तर शंभर मुद्दल आणि फार तर शंभर व्याज. त्यानंतर कर्ज वीस वर्षे पडून राहिले तरी दोनशेच. इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू ऋणकोला हा नियम लावत राहिली.

‘एका वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऋणको दर वर्षी व्याज चुकते करत राहिला, तर दहा वर्षांत त्याने भरलेल्या व्याजाची बेरीज मुद्दलाच्या दुप्पटही होऊ शकते. दामदुप्पट त्याला अडवत नाही. ती फक्त थकबाकीच्या ढिगाला छप्पर घालते. त्या छपराला एक खिडकीही होती. दोघांनी राजीखुशीने नवा करार केला आणि साचलेले व्याज नव्या मुद्दलात धरले, तर दामदुप्पट नव्या मुद्दलापासून मोजली जाई. जुने दोनशेचे छप्पर उडून नवे, अधिक उंच छप्पर पडे.

ही खिडकी सताड उघडली ती एका कायद्याने आणि तो ऋणकोच्या भल्यासाठी केला गेला होता. ‘खत’ हा शब्द आज शेणखताची आठवण करून देतो. त्या काळी तो कर्जाच्या लेखी दस्तासाठी होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षे केली आणि नोंदलेल्या खताला सहा. जुन्या, विसरलेल्या खतांवरून सावकाराने वीस वर्षांनी नातवाला कोर्टात खेचू नये, हा त्यामागचा हेतू. १८७१ आणि १८७७ च्या कायद्यांनीही साध्या खताची तीन वर्षांची मुदत कायम ठेवली. ते कायदे ब्रिटिश हिंदुस्थानभर होते, म्हणून वर्धा जिल्ह्यातही होते.

सावकाराच्या बाजूने विचार करून पाहावे. खताला तीन वर्षे होत आली. दावा लावला नाही, तर कागद मुदतबाह्य होऊन रद्दी होणार. दावा लावावा, तर खर्च आणि कुळ हातचे जाणार. ऋणकोने कर्जाची लेखी कबुली दिली तरी मुदत नव्याने सुरू होत असे. पण कबुलीने मुदत वाढते, मुद्दल वाढत नाही. त्यापेक्षा नवे खत सोयीचे. जुने खत फाडायचे, आजवरची सारी बाकी एकरकमी ‘मुद्दल’ म्हणून लिहायची आणि खाली अंगठा घ्यायचा. शेतकऱ्याला पुढच्या पेरणीसाठी पैसे हवेच असत, त्यामुळे अंगठा देण्यावाचून त्याला फारसा मार्ग नसे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येते. समजा, हिंगणघाटच्या परिसरातल्या एका कास्तकाराने शंभर रुपयांचे साधे खत करून दिले. दर दरमहा दरशेकडा दोन रुपये, पैसे मागताच फेडायचे. हा मनुष्य कल्पित आहे, हिशेब मात्र त्या काळच्या खताच्या रीतीचा आहे.

खत एकच राहिले असते, तर सरळव्याजाने पन्नास महिन्यांनी, म्हणजे चार वर्षे दोन महिन्यांनी दोनशे झाले असते. जिथे दामदुप्पट चाले, तिथे आकडा तिथेच थांबला असता. पण छत्तीस महिन्यांनी खताची मुदत भरते. त्या दिवशी व्याज झाले बहात्तर रुपये (इथला बहात्तर हा केवळ योगायोग, चोवीसची तिप्पट). बाकी १७२. नवे खत १७२ रुपयांचे. पुढल्या तीन वर्षांत त्यावर शेकडा बहात्तर चढले की २९५ रुपये १३ आणे. पुन्हा खत. नवव्या वर्षाअखेर ५०८ रुपये आणि वर काही आणे. एकाही टप्प्यावर व्याज त्या-त्या खताच्या मुद्दलापेक्षा जास्त झालेले नाही. दामदुप्पट अक्षरशः पाळली गेली आहे आणि कर्ज पाचपट झाले आहे.

इथे दोन आकडे शेजारी ठेवले की गोम उमगते. दोन रुपये दराला दामदुपटीचे छप्पर पन्नासाव्या महिन्यात येते. कायद्याची मुदत छत्तिसाव्या महिन्यात संपते. छपराला डोके लागण्याच्या चौदा महिने आधीच घर बदलले जाते. दर महिन्याला पावणेतीन रुपयांच्या थोडा वर गेला, तरच छप्पर मुदतीच्या आत येते. म्हणजे अघोरी दराच्या सावकाराला दामदुप्पट थोडीफार बोचत असे. ‘वाजवी’ दराच्या सावकाराला ती बोचतच नसे.

आता बहात्तरचा नियम या खताला लावून पाहावा. तीन वर्षांत शंभराचे १७२, म्हणजे वर्षाला चक्रवाढीने साधारण १९.८ टक्के. बहात्तरला त्याने भागले, तर ३.६४ वर्षे, जवळपास तीन वर्षे आठ महिने. प्रत्यक्ष खतावर मोजले तरी तेच येते: तीन वर्षांनी १७२, पुढे महिन्याला ३ रुपये ७ आणे, उरलेले अठ्ठावीस भरायला आठ महिने. हे झाले चव्वेचाळीस महिन्यांचे उत्तर. पस्तीस महिन्यांचे उत्तर व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवले तर येते. नियम तिथे ७२ भागिले २, म्हणजे छत्तीस सांगतो आणि खरा आकडा पस्तीस असतो. लहान हप्त्यांना आकडा सत्तरीकडे झुकतो, हे वर आलेच आहे.

पन्नास आणि चव्वेचाळीस यांत फरक फक्त सहा महिन्यांचा. म्हणून पहिल्या खताच्या वेळी शेतकऱ्याला धोका जाणवत नसे. त्याच्या दृष्टीने एका सुगीचे अंतर. धोका दुसऱ्या दुपटीत दिसतो. सरळव्याजाने शंभराचे चारशे व्हायला साडेबारा वर्षे लागतात. खते पालटत गेली, तर साडेसात. तिसऱ्या दुपटीला, आठशेला, सरळव्याज जवळजवळ तीस वर्षे घेते. खत पालटणारा सावकार बाराव्या वर्षाच्या आतच तिथे पोहोचतो. सरळव्याजात प्रत्येक दुप्पट आधीच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ मागते, चक्रवाढीत प्रत्येक दुप्पट साधारण तेवढ्याच वेळात होते. बहात्तरचा नियम एकच कालावधी देतो आणि तो प्रत्येक दुपटीला लागू पडतो, यातच त्याची सारी शक्ती आहे.

पश्चिमेकडे, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हा हिशेब रस्त्यावर आला. तिथेही अमेरिकन युद्धकाळातल्या कापसाच्या तेजीने पत वाढली होती आणि तेजी ओसरल्यावर कर्ज तेवढे मागे उरले होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगल झाली आणि ती आसपासच्या गावांत पसरली. दंगलखोरांचे लक्ष्य सावकाराच्या जिवापेक्षा त्याचे कागद होते. खते आणि हुकूमनामे हिसकावून जाळले गेले. निरक्षर शेतकऱ्याला गणित येत नव्हते, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण चक्रवाढ कागदाच्या पालटण्यात आहे, हे त्याने अचूक ओळखले होते, असे त्या जळालेल्या खतांवरून दिसते. सरकारने चौकशी आयोग नेमला. तीन वर्षांच्या मुदतीमुळे खते पुनःपुन्हा पालटली जातात आणि व्याजाचे मुद्दल होत जाते, हे आयोगापुढे आले.

१८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातून झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याने दोन गोष्टी केल्या, त्या नेमक्या वरच्या हिशेबाच्या दोन टोकांवर आहेत. एक, शेतकऱ्यावरच्या दाव्यांची मुदत वाढवली: नोंदलेल्या खताला बारा वर्षे, इतरांना सहा. दुसरी अधिक खोल जाणारी. न्यायाधीशाने शेवटच्या खताचा आकडा खरा न मानता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, मुद्दल आणि व्याज यांची वेगवेगळी खाती मांडावीत आणि मधल्या खतांत मुद्दल बनवलेले व्याज साधारणतः मुद्दलात धरू नये. पाचशे आठ रुपयांच्या खतावर दावा आला, तर न्यायालय मूळचे शंभर शोधून काढणार. एका अर्थी कायद्याने न्यायाधीशाला बहात्तरऐवजी शंभराने भागायला सांगितले.

हिंगणघाट या कायद्याच्या हद्दीबाहेर, मध्य प्रांतात होते. तिथे कर्जाच्या तडजोडीचा कायदा १९३३ मध्ये आला. जागतिक मंदीत कापसाचा भाव पडला आणि कर्जे फिटण्यापलीकडे गेली, तेव्हा. सावकार आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून आकडा खाली आणणारी मंडळे त्या कायद्याने नेमता येत. पुण्या-नगरच्या शेतकऱ्याला १८७९ मध्ये मिळालेला आधार आणि हा आधार यांत चोपन्न वर्षांचे अंतर आहे. दोन रुपये दराच्या खतात तेवढ्या काळात किती दुपटी बसतात, हे वाचकाने बहात्तरने स्वतः काढून पाहावे.

जुन्या घरांत अशी खते अजूनही पेट्यांत सापडतात. ती वाचणाऱ्याने रकमेकडे आधी पाहावे. शंभर, पन्नास, दोनशे अशी गोल रक्कम बहुधा हातात दिलेल्या रोकडीची. १७२, २९५ रुपये १३ आणे अशी अडनिडी रक्कम दिसली, तर ती मागच्या खताची बाकी असण्याचा संशय घ्यावा आणि लेखात मागील बाकीचा उल्लेख शोधावा. दर माहीत असेल, तर रकमेला एका मुदतीच्या वाढीने भागत मागे जावे. दोन किंवा तीन पायऱ्यांत गोल आकडा आला, तर खत कितव्या पिढीचे आहे ते कळते. हे दर वेळी जमत नाही. नवे खत करताना सावकार बरेचदा थोडी ताजी उचलही त्यातच मिळवी आणि मग माग पुसला जाई.

पैशाच्या कर्जाशेजारी धान्याचे कर्ज होते आणि तिथे बहात्तरचा नियम चुकतो. पेरणीला नेलेले बी सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करायचे: चार पायली नेल्या तर पाच, नाहीतर सहा. म्हणजे एका हंगामाला पंचवीस किंवा पन्नास टक्के. फेड चुकली, तर वाढीव मापावर पुढच्या हंगामाची वाढ. सवाईला बहात्तरचा नियम २.९ हंगाम सांगतो, खरा आकडा ३.१. दिढीला नियम १.४ म्हणतो, खरे उत्तर १.७. दर वाढेल तशी नियमाची घाई वाढते. त्यावर एक जुजबी पण चांगला उपाय आहे: दर आठच्या वर जितका असेल, त्याच्या दर तीन टक्क्यांमागे बहात्तरात एक मिळवावा. पंचवीसला बहात्तरऐवजी ७७.७ येतात, पन्नासला ८६. दोन्ही उत्तरे मग जवळपास बरोबर बसतात. धान्याच्या बाबतीत मनुस्मृतीची मर्यादाही वेगळी होती, दुपटीऐवजी पाचपट. दिढीने चार हंगामांत पाचपट होते, सवाईने सात हंगाम उलटावे लागतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने दामदुपटीला धर्मशास्त्रातून काढून सरळ कायद्याच्या कलमात बसवले: हुकूमनाम्यात थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक नको. मग ऋणको हिंदू आहे की नाही, हा प्रश्न उरला नाही.

दुप्पट हा शब्द पुढे धनकोच्या बाजूने, पोस्टाच्या खिडकीवर आला. १ एप्रिल १९८८ ला सुरू झालेल्या किसान विकास पत्रात साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. दर न पाहताही तो काढता येतो. नियम उलटा चालवायचा. बहात्तरला साडेपाचने भागले की १३.१. खरा दर १३.४ च्या थोडा वर बसतो. दर आठच्या पाचएक टक्के वर असल्याने बहात्तरऐवजी ७३.७ घेतले, की उत्तर १३.४ येते. २०११ मध्ये बंद झालेली ही योजना २०१४ च्या नोव्हेंबरात शंभर महिन्यांच्या मुदतीने परत आली. तिचा जाहीर दर ८.७ टक्के होता, नियम ८.६ सांगतो. एप्रिल २०२३ पासून दर साडेसात टक्के झाला. बहात्तर भागिले साडेसात, म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजे ११५.२ महिने. योजनेची जाहीर मुदत ११५ महिने आहे.